‘मशीन बंद करून हात घाला’ एवढ्यानं भागत नाही: प्रेस शॉपमध्ये सकाळचं सेफ्टी ब्रीफिंग कसं द्यायचं

भोसरी, चाकण, तळवडे भागात छोट्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर म्हणून काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सेफ्टी ऑफिसर नावाचा वेगळा माणूस तिथे बहुतेक नसतो, तो तुम्हीच असता, आणि सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं पोरांसमोर उभं राहून काहीतरी बोलायचं असतं. मी पण बरीच वर्षं बोललो. खिशातून कागद काढायचो, गॉगल घाला, बूट घाला, ग्लोव्हज घाला, मशीनमध्ये हात घालू नका, सतर्क रहा, काळजी घ्या, अशी दहा वाक्यं वाचायचो, पोरं हो हो करायची, रजिस्टरवर सह्या व्हायच्या आणि सात वाजले की ज्याचं त्याचं काम सुरू.

मग आधीच्या एका कंपनीत एक प्रकार झाला, तिथून माझं ब्रीफिंग बदललं. पन्नास टनी सी फ्रेम प्रेस, पायडलवर चालणारी, चावीच्या क्लचची जुनी मशीन. डायमध्ये स्लग अडकला. लातूरकडचा एक हेल्पर पोरगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा, त्यानं लाल बटन दाबलं, मोटर बंद झाली, आवाज उतरला, आणि हा वाकून बोटानं स्लग काढायला लागला. वाकताना गुडघा पुढं गेला आणि पाय पायडलवर पडला. मोटर बंद होती पण फ्लायव्हील फिरत होतं, पायडल दाबलं तसा क्लच लागला आणि रॅम खाली. दोन बोटांची टोकं गेली. हॉस्पिटलमध्ये तो मला एकच सांगत होता, "साहेब मी बंद केली होती." आणि ते खरं होतं हो. त्याच दिवशी सकाळी मी म्हणालो होतो, मशीन बंद करून मगच हात घाला. त्यानं ऐकलं होतं आणि तसंच केलं होतं.

म्हणजे चूक माझ्या वाक्यात होती. माझ्या डोक्यात ‘बंद’ म्हणजे सगळं थांबलेलं, त्याच्या डोक्यात ‘बंद’ म्हणजे लाल बटन. तेव्हापासून कुठलाही शब्द पोरांना द्यायच्या आधी मी बघतो की तो डोळ्यानं दिसतो का. दहा फुटांवरून बघणाऱ्या माणसाला ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं सांगता आलं पाहिजे. ‘काळजी घ्या’ हे दहा फुटांवरून दिसत नाही. ‘चाक थांबलंय’ हे दिसतं.

खाली मी एकच ब्रीफिंग पूर्ण उलगडून सांगतोय, प्रेसमध्ये अडकलेला पीस किंवा स्लग काढायचं. गॉगल, कानातले प्लग, फोर्कलिफ्ट हे सगळं वेगवेगळ्या दिवशी. एका सकाळी एकच धोका, दुसरा घुसवला की पहिला गेलाच समजा.

आदल्या दिवशीचं काम

ब्रीफिंग सकाळी सुरू होत नाही, आदल्या दिवशी दुपारी सुरू होतं. ज्या प्रेसबद्दल बोलायचंय तिच्यापाशी पंधरा मिनिटं नुसते उभे रहा, वही न काढता, कारण वही दिसली की पोरं शहाण्यासारखी वागायला लागतात. स्लग अडकला की पहिला हात कुठं जातो ते बघा, चिमटा हाताशी आहे की टूलरूमच्या ड्रॉवरमध्ये, ऑपरेटर पाय पायडलवरून काढतो की तसाच ठेवून वाकतो.

त्याच वेळी दोन गोष्टी मोजून ठेवा. एक, मोटर बंद केल्यावर फ्लायव्हील पूर्ण थांबायला किती वेळ लागतो, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर. आमच्या त्या पन्नास टनीवर एक मिनिट चाळीस सेकंद आला. प्रत्येक मशीनचा वेगळा येणार, बेल्ट किती घट्ट, बेअरिंग कसं, यावर ते असतं, म्हणून माझा आकडा घेऊ नका, स्वतः मोजा. दुसरी गोष्ट, एका शिफ्टमध्ये किती वेळा अडकतं. आमच्याकडे सहा वेळा. हा दुसरा आकडा पुढं लागणार आहे.

आणि चाकावर पांढऱ्या पेंटनं एक जाड पट्टा मारून घ्या. गुळगुळीत चाक फिरतंय की थांबलंय हे लांबून कळत नाही, खरंच कळत नाही, त्यात ट्यूबलाइटच्या उजेडात तर अजूनच फसायला होतं. चाकावरचं गार्ड पत्र्याचं असेल तर जाळीचं करून घ्या म्हणजे पट्टा दिसेल, पण गार्ड काढू नका, नाहीतर एक धोका घालवायला दुसरा आणला असं व्हायचं.

चार शब्द

आमचा हुकूम चार शब्दांचा आहे. बंद. कुलूप. चाक. ठोकळा. मग हात.

बंद म्हणजे लाल बटन आणि मेन आयसोलेटर खाली. कुलूप म्हणजे आयसोलेटरला स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, आणि लगेच हिरवं बटन दाबून बघायचं की मशीन उठत तर नाही ना, कारण कधी कधी भलत्याच मशीनचा आयसोलेटर पाडलेला असतो, आणि हे मी डोळ्यानं बघितलंय. चाक म्हणजे पांढरा पट्टा एका जागी थांबेपर्यंत उभं राहायचं. ठोकळा म्हणजे रॅम आणि खालच्या डायच्या मध्ये पिवळा स्टीलचा सेफ्टी ब्लॉक ठेवायचा. या चारानंतर पाचवा, हात.

क्रम असाच का ते पोरांना एकदा तरी सांगा, कारण कारण माहिती नसलेला क्रम चार दिवसांत उलटासुलटा होतो. कुलूप चाकाच्या आधी, कारण तुम्ही चाकाची वाट बघत असताना दुसऱ्या कोणी मशीन चालू करू नये. ठोकळा सगळ्यात शेवटी, कारण तो रॅमचं वजन पेलण्यासाठी आहे, प्रेसचा दाब पेलण्यासाठी नाही. चाक फिरत असताना ठोकळा ठेवला आणि स्ट्रोक बसला तर ठोकळा गोळीसारखा उडतो किंवा डाय, फ्रेम काहीतरी फुटतं. आणि लाकडाचा तुकडा हा ठोकळा नव्हे, पॅकिंगच्या पेटीची फळी तर अजिबातच नव्हे.

हवेवर चालणाऱ्या क्लचची प्रेस असेल तर चाकाच्या आधी ‘हवा’ हा शब्द येईल, म्हणजे हवेचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधली हवा सोडून काटा शून्यावर आलेला बघायचा. काउंटरबॅलन्सच्या सिलिंडरची हवा गेली की रॅम स्वतःच्या वजनानं खाली सरकू शकतो, तिथं चार शब्दांचा क्रम मेंटेनन्सवाल्याबरोबर मशीनपाशी उभं राहून ठरवा, माझा उचलून चिकटवू नका.

शब्द ठरले की बदलायचे नाहीत. आपल्याला शाळेत सवय लावलीय की एकच शब्द परत परत वापरला की निबंध वाईट. इथं उलटं. आज चाक, उद्या फ्लायव्हील, परवा ‘रोटेशन पूर्ण थांबल्यावर’ असं म्हणालात की समोरच्याला वाटतं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त भाषेचा प्रश्न राहतो. आमच्याकडे निम्मी पोरं यूपी-बिहारची, मराठी कळतं पण घाईत कळत नाही. म्हणून प्रत्येक शब्दाची जोडी ठरवली, कुलूप-ताला, चाक-चक्का, ठोकळा-गुटका. गुटका म्हटल्यावर पहिल्या दिवशी अख्खी लाइन हसली, एकानं खिसा चाचपला पण, आणि मला वाटतं त्या हसण्यामुळंच तो शब्द सगळ्यात आधी पाठ झाला.

कुठं आणि कधी

कॅन्टीनमध्ये नको, ऑफिससमोर नको. त्याच प्रेसपुढे, बारा-पंधरा माणसं, अर्धगोल करून. सातची शिफ्ट असेल तर सहा पन्नासला, कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या आधी. शिफ्ट संपताना तर कधीच नको, तेव्हा माणसाचं मन बसच्या रांगेत असतं. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणजे शुक्रवार हा आपला सोमवार, गावाला जाऊन रात्रीच्या गाडीनं परत आलेली पोरं डोळे चोळत उभी असतात, तेव्हा हे ब्रीफिंग शुक्रवारी नक्की घ्या.

नवीन माणूस पुढच्या ओळीत, मागं नाही. जुन्या ऑपरेटर मामांना तुमच्या शेजारी उभं करा. दोन कारणं आहेत, एक म्हणजे वीस-वीस वर्षं प्रेसपाशी काढून त्यांना ऐकायला कमी येतं आणि ते कोणाला सांगत नाहीत, आणि दुसरं, मामा मागं उभे राहून हसले की तुमचं ब्रीफिंग तिथंच संपलं.

सुरुवात नोटेनं

मी आता भाषणानं सुरुवात करत नाही, शंभरच्या नोटेनं करतो. एका पोराला पुढं बोलवायचं. नोट उभी धरायची, त्याचा अंगठा आणि बोट नोटेच्या मधोमध, दोन्ही बाजूला, न चिकटवता. "मी सोडली की पकड. पकडली तर तुझी." सोडायची. नोट खाली. परत. परत खाली. दुसऱ्याला बोलवा, तिसऱ्याला बोलवा, क्रिकेट खेळणारा पोरगा असेल तर त्याला मुद्दाम बोलवा.

यात जादू काही नाही. नोट साधारण चौदा सेंटिमीटर लांब, बोटं मधोमध, म्हणजे सात सेंटिमीटर पडली की निसटली, आणि सात सेंटिमीटर पडायला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. डोळ्यानं बघून बोट हलायला चांगल्या चपळ माणसाला पण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. आधीच अंदाजानं बोटं मिटली तरच नोट हातात येते, मग सरळ देऊन टाका आणि "आता परत" म्हणा. माझी आजपर्यंत एकदाच गेलीये.

मग नोट खिशात आणि प्रेसकडे बोट. "तू नोटेकडे बघत होतास, तुला माहिती होतं पडणार, तरी सुटली. इथं तू रॅमकडे बघत नसतोस, स्लगकडे बघत असतोस. मिनिटाला साठ स्ट्रोकची मशीन, वरून खाली यायला अर्धा सेकंद. हात निघेल?" इथं थांबा. उत्तर त्यांना देऊ द्या. दरवेळी एक तरी जण म्हणतोच की आपण चपळ आहोत, त्याला परत नोट.

गाजराचा प्रयोग पण मी एकदा केला. रद्दी डायवर, सेटरनं लांब चिमट्यानं गाजर ठेवलं, बाकी सगळे मागं, एक स्ट्रोक. गाजर तुटणार हे सगळ्यांना माहितीच होतं, त्यात काही नाही. मी त्यांना आवाज ऐकायला सांगितला होता. आवाज रोजच्यासारखाच आला. मशीन अडखळली नाही, कुरकुरली नाही, पत्रा असो की गाजर, तोच धप्प. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. तुटलेल्या बोटांचे फोटो मात्र मी दाखवत नाही. पोरं एकतर मान फिरवतात नाहीतर मोबाईलवर मागून घेतात, आणि ज्याची बोटं आहेत तो कुठंतरी नोकरी करत असतो हो, त्याला काय वाटेल.

पाठ कसं करून घ्यायचं

आता खरं ब्रीफिंग, आणि हे बोलून दाखवल्याशिवाय कळणार नाही म्हणून जसंच्या तसं लिहितो.

मी म्हणतो, "बंद. कुलूप. चाक. ठोकळा. मग हात." प्रत्येक शब्दाला हाताची खूण. बंदला तळहात खाली, कुलूपला मूठ, चाकाला बोट हवेत गोल फिरवून थांबवायचं, ठोकळ्याला दोन तळहात एकावर एक, मध्ये अंतर ठेवून. खुणा मामांसाठी सुरू केल्या होत्या, पण मशीन चालू असताना लांबून इशारा करायला सगळ्यांनाच लागतात.

दुसऱ्यांदा सगळे माझ्याबरोबर. तिसऱ्यांदा मी अर्धं बोलतो, ते भरतात. "बंद." "कुलूप!" "कुलूप." "चाक!" "चाक." "ठोकळा!" आणि मग मी मुद्दाम "हात" न म्हणता गप्प राहतो, कारण घाई असते ती तिथंच असते. आमच्यातला एक पोरगा ढोल पथकात वाजवतो, त्यानं या चार शब्दांना ठेका लावून दिला, चार ठोके, एक विराम, मग हात. आता तो विराम सगळ्यांच्या अंगात बसलाय.

नुसतं पाठ झालं म्हणजे पोपट तयार झाला. म्हणून लगेच उलटे प्रश्न, पटापट, वेगवेगळ्या माणसाकडे बोट करून.

"बटन दाबलं, आवाज गेला. हात?"
"नाय!"
"कुलूप लावलं, पट्टा हळू फिरतोय, जवळजवळ थांबलाच. हात?"
"नाय!"
"चाक थांबलं, ठोकळा दुसऱ्या मशीनवर आहे, दोन मिनिटांचं काम आहे. हात?"
"नाय!"
"सुपरवायझर म्हणाला काढ रे लवकर, गाडी उभी आहे. हात?"

या शेवटच्याला पहिल्या दिवशी सगळे गप्प बसतात आणि एकमेकांकडे बघतात. हा प्रश्न सगळ्यात महागाचा. मी स्वतः मोठ्यानं म्हणतो, "नाय! मी म्हणालो तरी नाय!" आणि ते तीनदा म्हणवून घेतो. हे तुम्हाला म्हणवत नसेल, म्हणजे मनात असेल की गाडी उभी असली तर बघू, तर बाकीचं सगळं सोडून द्या, कारण पोरांना ते दिसतं.

अजून एक प्रश्न ठेवा. "रॅम वर नाहीये, मधेच अडकलाय. कोण काढणार?" उत्तर, "सेटर." ठोकळा वर गेलेल्या रॅमखाली बसतो. मधे किंवा तळाशी अडकलेला रॅम सोडवणं हे हेल्परचं काम नाही, ऑपरेटरचं पण नाही.

एक मिनिट चाळीस सेकंद

आता एकजण करून दाखवणार. सेटर नको, त्याला येतंच. सगळ्यात नवीन माणूस. डायमध्ये खोटा अडकलेला पीस ठेवलेला, मशीन थोडा वेळ चालवून चाक पूर्ण वेगात आलेलं, पण पायडलला कोणी हात लावायचा नाही, पायडलपाशी सेटर उभा. नवीन पोरगा लाल बटन दाबतो, आयसोलेटर पाडतो, कुलूप, चावी खिशात, हिरवं बटन दाबून बघतो. प्रत्येक पायरीला बाकीचे शब्द ओरडतात. मग चाक.

इथं सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. पांढरा पट्टा थांबेपर्यंत. एक मिनिट चाळीस सेकंद ही खूप मोठी गोष्ट आहे, तुम्ही घड्याळ लावून गप्प उभे राहून बघा. पहिल्या वीस सेकंदात कोणीतरी खोकतो, मग चुळबूळ, आणि पाऊण मिनिटाला पट्टा इतका हळू झालेला असतो की कोणीतरी हमखास म्हणतं, "थांबलं साहेब." थांबलेलं नसतं. मी काही न बोलता पट्ट्याकडे बोट करतो आणि तो अजून एक चक्कर मारतो, मग अजून एक. त्या लातूरकडच्या पोराचा हात याच वेळात आत गेला होता, हे मी इथं सांगतो, आधी नाही. माझ्या अख्ख्या ब्रीफिंगमधला सगळ्यात उपयोगाचा भाग म्हणजे ही शांतता, आणि ती कापायचा मोह रोज होतो कारण घड्याळात सहा अठ्ठावन्न झालेले असतात.

पट्टा थांबला, ठोकळा, मग हात. हात पण नाही खरं तर, पितळी हूक. नरम धातूचा हूक किंवा चिमटा असला की डायची धार जात नाही, आणि धार जायची भीती नसली की पोरं बोटाऐवजी तो वापरतात. रोजचा साधा पीस उचलायला तर चिमटा किंवा मॅग्नेटच, पाय पायडलवरून काढून. चार शब्द अडकलेल्या मालासाठी आहेत, पण चार शब्द आहेत म्हणून रोजच्या पीसला बोटं चालतील असा अर्थ कोणीतरी काढतोच, तेव्हा हे एकदा स्पष्ट बोला.

इमर्जन्सी बटनाबद्दल पण एक वाक्य बोलून टाका, कारण त्याच्यावर सगळ्यांचा फार विश्वास असतो. चावीच्या क्लचची प्रेस एकदा सुटली की चक्कर पूर्ण करूनच थांबते, मधे कोणी थांबवू शकत नाही. लाल गड्डा दाबला तर मोटर बंद होते, निघालेला रॅम थांबत नाही. म्हणूनच अशा मशीनला लाइट कर्टन लावून काही फायदा नाही, तो पडदा सिग्नल देईल, ऐकणार कोण. घर्षणाच्या क्लचची, मधेच थांबू शकणारी मशीन असेल तरच त्याचा उपयोग. मालकानं सेकंडहँड कर्टन आणून जुन्या प्रेसला लावला आणि पोरं निर्धास्त झाली तर आधी होती त्यापेक्षा परिस्थिती वाईट. एक स्ट्रोकला दोन स्ट्रोक पडणं, रॅम वर थांबायच्या जागेपासून घसरणं, हा वेगळा विषय, वेगळ्या सकाळी घ्या. त्या दिवशी शब्द एकच, "मशीन सोड, सेटरला बोलव."

टार्गेटचा प्रश्न

कोणीतरी विचारणारच, आणि नाही विचारलं तर मनात ठेवणार, "साहेब, मग टार्गेट?" याला ‘आधी सुरक्षा’ असं उत्तर देऊ नका, ते भिंतीवर लिहिलेलं आहे आणि त्याखाली प्रोडक्शनचा बोर्ड आहे.

हिशोब करा. चाकासाठी एक मिनिट चाळीस, बाकी कुलूप-ठोकळा काढणं-घालणं मिळून एका वेळेला अडीच मिनिटं धरू. शिफ्टला सहा वेळा, पंधरा मिनिटं. हातानं फीड करून मिनिटाला बारा पीस निघत असतील तर एकशे ऐंशी पीस कमी. हा आकडा घेऊन मी प्रोडक्शन मॅनेजरकडे गेलो आणि म्हणालो, टार्गेट एकशे ऐंशीनं कमी करा नाहीतर मी उद्यापासून हे ब्रीफिंग बंद करतो, कारण खोटं बोलायला मला सांगू नका. ते चिडले. पण आकडा समोर दिसल्यावर पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की सहा वेळा का अडकतंय. टूलरूमनं डाय उघडली तर खालच्या डायचं भोक घासून स्लग खाली पडायच्या वाटेत कड तयार झाली होती, स्लग एकावर एक अडकत होते. ती वाट मोकळी केली, पंचाला धार लावली, आणि अडकणं सहावरून एकावर आलं. हे काम कुठल्याच भाषणानं झालं नसतं. तसंच पायडलचं, त्याला वरून झाकण पाहिजे, म्हणजे गुडघा किंवा पडलेला पीस लागून ते दाबलं जाणार नाही, आणि ते झाकण वेल्डरकडून करून घ्यायचं असतं, पोरांना ‘पाय सांभाळा’ सांगून ते होत नाही.

कळलं की नाही कसं ओळखायचं

सही हा पुरावा नाही. सही करताना पोरगा वरच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचत नाही, कंत्राटदाराचा माणूस तर कधी कधी चौघांच्या सह्या एकाच पेनानं एकाच वळणात करतो. रजिस्टर ठेवा, इन्स्पेक्शनला लागतं, पण स्वतःला फसवू नका.

मी दोन तासांनी, काही न सांगता, लाइनवर जातो आणि ठोकळ्यावर बोट फिरवतो. ठोकळा प्रेसच्या बाजूला हुकावर टांगलेला असतो. बोटाला धूळ लागली तर तो कोणी उचललेलाच नाही, मग सकाळी कितीही जोरात "ठोकळा!" ओरडले असोत. कुलपाचं पण तसंच, वापरातल्या कुलपाच्या कडीवर ओरखडे असतात, नुसतं शोभेचं कुलूप चकचकीत असतं. धूळ दिसली की मी कोणाला झापत नाही, आधी ठोकळा कुठं टांगलाय ते बघतो. एकदा हूक माणसाच्या डोक्याच्या वर आणि मशीनच्या मागच्या बाजूला लावलेला सापडला, आठ किलोचा ठोकळा तिथून कोण काढणार. हूक कमरेच्या उंचीवर आणला, दुसऱ्या आठवड्यात धूळ गेली.

आणि डुप्लिकेट चावी. ‘एक माणूस, एक कुलूप, एक चावी’ असं तुम्ही सांगता आणि सेटरच्या ड्रॉवरमध्ये सगळ्या कुलपांच्या दुसऱ्या चाव्यांचा जुडगा असतो, पोरांना ते माहिती असतं, तुम्हाला नसतं. तो जुडगा मी काढून घेतला. पंधरा दिवसांत व्हायचं तेच झालं, सेकंड शिफ्टचा एक ऑपरेटर अर्धवट काम सोडून घरी गेला आणि चावी खिशात. कुलूप आयसोलेटरवर, रात्रीची शिफ्ट उभी, सेटर कटर घेऊन आला. कापायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी आधी त्याला फोन लावला, तो उचलेना, मग गाडी काढून मोशीला त्याच्या खोलीवर गेलो, तो जेवत होता, हात तसाच खरकटा घेऊन दारात आला आणि चावी काढून दिली. येऊन त्याच्या कुलपाला त्याचीच चावी लावली. चाळीस मिनिटं लाइन बंद होती आणि रात्रीची अख्खी शिफ्ट ते बघत उभी होती.